सहा शब्दांची जाहिरात

‘तुमचं मूल आजीशी कोणत्या भाषेत बोलतं?’

हे सहा शब्द माझे. परदेशात राहणाऱ्या मराठी आईबापांनी मोबाईलवर बोट फिरवता फिरवता हे शब्द वाचले आणि पुढे जाता जाता ते थांबले. कितीजण थांबले याचा हिशेब ठेवणारं यंत्र असतं, पण त्यांच्या पोटात काय झालं ते यंत्राला कळत नाही. मला कळत होतं, कारण पोटात काहीतरी व्हावं म्हणूनच मी ते लिहिले होते.

संपादकांनी ‘जाहिरातीच्या धंद्यातल्या गमती’ मागितल्या आहेत. माझ्याकडे गमती थोड्या आहेत आणि थकवा पुष्कळ. तेव्हा जे आहे ते सांगतो.

नागपूरच्या एका दैनिकाच्या जाहिरात विभागात माझी नोकरी झाली. काटोलच्या संत्र्याच्या कलमांची जाहिरात मी लिहिली, लग्नाच्या शालूंची लिहिली. धंतोलीतले डॉक्टर परगावी गेले की ‘डॉक्टर परत आले आहेत’ ही चौकटही मीच लिहायचो. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता शब्द विकणं संपलं. पण वर्षभरातच नीलिमा मॅडमचा फोन आला. त्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. मुदतीआधी निवृत्ती घेऊन त्यांनी परदेशातल्या मुलांसाठी संगणकावरून मराठीचा वर्ग सुरू केला होता. शिकवणं त्यांना उत्तम येत होतं, पण मुलं मिळत नव्हती. म्हणाल्या, “बोरकर, जाहिरात मला जमत नाही. मी लिहिलं की ते परिपत्रक होतं.”

मी गेलो. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं होती. एकावर त्या शिकवायच्या, दुसऱ्यावर मी जाहिराती लिहायचो आणि पालकांचे फोन घ्यायचो.

बाहेरच्याला हा धंदा सोपा वाटतो, म्हणून थोडं समजावून सांगतो. वर्तमानपत्रात जाहिरात छापली की ती सगळ्यांना दिसते. मोबाईलवर तसं नसतं. कोणत्या देशातल्या, कोणत्या वयाच्या, कोणती भाषा वाचणाऱ्या माणसाला ती दिसावी हे आपण ठरवायचं. तिच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर ‘आणखी वाचा’च्या मागे दडतो. म्हणून जे काही करायचं ते दोन ओळींत. खाली एक छोटा अर्ज: नाव, देश, मुलाचं वय, घरी कोणती भाषा बोलता. अर्ज आला की मी फोन करायचो. मग एक तास फुकट. त्या तासाला मॅडम मुलाचं नाव पडद्यावर देवनागरीत मोठ्ठं काढायच्या आणि मुलाला त्यात रंग भरायला सांगायच्या. मूल रंग भरत बसायचं आणि मागे उभी असलेली आई डोळे पुसायची. तिथेच प्रवेश पक्का व्हायचा.

यात एक विचित्र गोष्ट होती. मराठी शिकवण्याची जाहिरात आम्हाला अर्धी इंग्रजीत द्यावी लागायची. पंधरा वर्षं बाहेर राहिलेल्या बापाला देवनागरी वाचायला वेळ लागतो, आणि वेळ लागला की बोट पुढे सरकतं. शेवटी फक्त मथळा मराठीत ठेवला. सहा शब्द कुणालाही वाचता येतात.

आधी मी दोन जाहिराती एकाच आठवड्यात चालवून पाहिल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, ‘खेळत खेळत मराठी’, सोबत पतंगाचं चित्र. दुसरीवर आजीचा प्रश्न. पतंगाकडे फारसं कोणी पाहिलं नाही. आजीच्या प्रश्नावर अर्ज येतच राहिले. तेव्हा मला समजलं की या आईबापांना आनंद विकत घ्यायचा नाही. त्यांना एक बोच आहे, ती कोणीतरी काढून द्यायला हवी आहे. बोच नसलेल्यांना मी ती आधी लावत होतो आणि मग काढायला बोलवत होतो.

या धंद्याचे हंगामही ठरलेले. गणपती-दिवाळीला तिकडच्या मंडळांचे कार्यक्रम होतात, मुलं स्टेजवर रोमन लिपीत लिहिलेलं मराठी पाठ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी आमचे अर्ज वाढतात. दुसरा हंगाम जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये, म्हणजे भारतातून परत गेल्यावर. सुट्टीत घरी आलेलं मूल आजीजवळ मुकं बसलेलं असतं, ते आईबापाने नुकतंच पाहिलेलं असतं. मी त्या आठवड्यांसाठी जाहिरातीचा खर्च राखून ठेवायचो.

एका जानेवारीत माझ्या मुलाचा फोन आला. तो कॅनडात असतो. त्याला दोन मुली. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, “बाबा, काल एक जाहिरात दिसली. मुलं आजीशी कोणत्या भाषेत बोलतात म्हणून. फार वाईट वाटलं वाचून. आईला किती त्रास होत असेल, नाही?”

त्याची आई बाजूलाच बसली होती. मी म्हटलं, “अरे, जाहिरातवाले काहीही लिहितात. मनावर घेऊ नको.”

ती मी लिहिली होती, हे मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही. मुलींना वर्गात घालण्याचं त्यानेही कधी काढलं नाही.

अशी तीन-चार वर्षं गेली. वर्ग वाढला. अमेरिकेची मुलं आमच्या सकाळी, युरोपची आमच्या दुपारी. वर्षातून दोनदा तिकडची घड्याळं पुढेमागे व्हायची, तीही अमेरिकेची आणि युरोपची वेगवेगळ्या रविवारी. ते दोन-तीन आठवडे अर्धी मुलं तासभर आधी यायची नाहीतर तासभर उशिरा, आणि मी दिवसभर सगळ्यांच्या माफ्या मागत बसायचो.

मग दिवाळीसाठी मी नवी जाहिरात केली. नऊवारीतली छोटी मुलगी, तुळशीपुढे पणती, जोडलेले हात. वर आजीचा प्रश्न तसाच ठेवला, खाली लिहिलं: ‘शुद्ध मराठी. संस्कार, श्लोक, सण. सहा महिन्यांत तुमचं मूल आजी-आजोबांशी मराठीत गप्पा मारेल.’ नीलिमा मॅडमना ती फार आवडली. मलाही आवडली, खोटं कशाला बोलू.

त्या जाहिरातीवर आयर्लंडहून एक अर्ज आला. प्रज्ञा मेश्राम. मुलगी मैत्री, वय नऊ. घरची भाषा इंग्रजी. संध्याकाळी मी फोन लावला.

ती तिकडे नर्स होती. नवरा केरळचा, तोही त्याच हॉस्पिटलात. माहेर नागपूरजवळच्या कन्हानचं. वडील कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, आई गेलेली. बोलता बोलता तिने विचारलं, “काका, यात संस्कार लिहिलं आहे. म्हणजे नक्की काय शिकवता?”

मी नेहमीचं सांगितलं. श्लोक, सणांची माहिती, मोठ्यांना नमस्कार.

ती म्हणाली, “आमच्या घरी बुद्धवंदना होते. मैत्री तिच्या आबाले फोनवर जयभीम म्हणते. ते चालेल ना तुमच्या वर्गात?”

‘चालेल ना’ असं तिने विचारलं, जसं कुणाच्या घरात शिरताना चप्पल कुठे काढू म्हणून विचारावं. माझी हयात नागपुरात गेली. दरवर्षी दसऱ्याला या शहरात कुठून कुठून माणसं पायी येतात ते लहानपणापासून पाहिलं. आणि मी मराठी मुलांची मुळं म्हणून जे चित्र काढलं त्यात यांच्यासाठी जागाच ठेवली नव्हती. कुणाला वगळायचं असं मनात नव्हतं. मनात आलंच नव्हतं, एवढंच. त्याने काही फरक पडत नाही, हे मला त्या फोनवर कळलं.

“चालेल काय म्हणता, चाललंच पाहिजे,” मी म्हटलं.

“आणि सहा महिन्यांत गप्पा मारेल हे खरं आहे?”

“आमचा पूर्ण प्रयत्न असतो.”

ती हसली. “मी नर्स आहे, काका. ‘प्रयत्न असतो’ आम्ही नातेवाईकांना कधी सांगतो ते मला माहीत आहे.”

मला तिथेच खरं सांगता आलं असतं. आठवड्यातून पाऊण तास, पडद्यावर आठ मुलं, म्हणजे एकेका मुलाच्या वाट्याला बोलायला चार-पाच मिनिटं. घरात मराठी नसेल तर सहा महिन्यांत मूल रंग सांगतं, फळं सांगतं, स्वतःचं नाव लिहितं, आणि फार तर ‘मी भूक आहे’ म्हणतं. हे मला ठाऊक होतं. पण मी म्हणालो, “एक तास बसवून तर बघा.” सवय, दुसरं काय.

ती म्हणाली, “या डिसेंबरात नाही जमत, पुढच्या डिसेंबरात आम्ही येणार आहोत. मागच्या वेळी आली तेव्हा पोरगी आणि आबा दिवसभर बाजेवर शेजारी शेजारी बसायचे. दोघंही एकमेकांकडे पाहून हसायचे. पंधरा दिवस नुसते हसले. मले ते पाहवत नव्हतं.”

मैत्रीचा प्रवेश झाला.

वर्ग चालू असताना मी कॅमेरा बंद करून मागे बसायचो. मुलांची गमतीची वाक्यं टिपायला. ती जाहिरातीत उपयोगी पडतात. मैत्री शांत मुलगी होती, पण कानाची तिखट. काही शब्द तिच्याकडे आधीपासून होते, आबांच्या फोनमधून आलेले. एका शनिवारी मॅडम ‘मला आवडतं’ शिकवत होत्या. प्रत्येकाने एक वाक्य करायचं. मैत्रीची पाळी आली. ती अगदी आत्मविश्वासाने म्हणाली, “मले आंबा आवडते.”

मॅडम म्हणाल्या, “मले नाही बाळा, मला. आंबा आवडतो. मले हे गावठी झालं. आपण शुद्ध बोलायचं.”

जर्मनीतला एक मुलगा होता, त्याला तो आवाज गमतीचा वाटला. तो “मले, मले” करत हसायला लागला. बाकीचेही हसले. मॅडमनी त्याला दटावलं आणि तास पुढे गेला. मैत्रीने “मला आंबा आवडतो” असं बरोबर म्हणून दाखवलं. मी ते वहीत टिपूनही घेतलं: एका तासात सुधारणा.

महिनाभराने प्रज्ञाचा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता.

“काका, मैत्रीनं आबाशी बोलणं बंद केलं.”

“का बरं?”

“आधी रविवारी फोनवर दोन-तीन शब्द तरी बोले. आता हॅलो म्हणून फोन माझ्याकडे देते. मी विचारलं तर म्हणते, आबांची मराठी चुकीची आहे, टीचरने सांगितलं. त्यांच्याशी बोलले तर माझी बिघडेल.” ती थांबली. “आणि आबा काय म्हणाले माहीत आहे? म्हणे, जाऊ दे वं, बाई शिकवून राह्यली तर शिकू दे. मीच इंग्रजी शिकतो.”

मी समोरची वही उघडली; ‘एका तासात सुधारणा’ तिथेच होतं.

“तुमच्या जाहिरातीत आजोबांशी गप्पा लिहिलं होतं ना,” ती म्हणाली. रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती थकून म्हणाली.

मी नीलिमा मॅडमना सांगितलं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, “मी चूक काय केली? पुस्तकात मला आहे. उद्या ही मुलं वाचणार, परीक्षा देणार. घराघराचं वेगळं मराठी शिकवू का? आणि शुद्ध मराठी हा शब्द जाहिरातीत कोणी घातला? मी नाही घातला. तुम्ही घातला, बोरकर.”

ते खरं होतं. आणि याच मॅडम बहिणीशी फोनवर बोलताना “मी स्वैपाक करून राहिली, मग बोलते” म्हणायच्या, हेही खरं होतं. मी तसं म्हटल्यावर त्या कानापर्यंत लाल झाल्या. “ते घरचं आहे,” त्या म्हणाल्या.

“तिलाही घरचंच शिकायचं आहे,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी कन्हानला गेलो. प्रज्ञाने वडिलांचा पत्ता दिला होता. मेश्रामबुवा दारातच खुर्ची टाकून बसले होते. सत्तरीचे, काटक, उजव्या हाताची दोन बोटं अर्धी. मी कोण ते सांगितल्यावर घाईने उठले. “या जी, या. पोट्टीचं काही चुकलं का?”

त्यांच्या मांडीवर शाळेची वही होती. तिच्यात देवनागरीत लिहिलेलं होतं: हाऊ आर यू. व्हॉट डिड यू ईट. आय अ‍ॅम युवर आबा. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने लिहून दिलं होतं. ते रोज सकाळी पाठ करत होते.

मी म्हटलं, “पोरीचं काही चुकलं नाही. चुकलं आमचं.” आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“चुकलं कायचं? बाई बरोबरच सांगून राह्यली. मी सातवी शिकेल माणूस. आमची बोली अशीच हाय. पोट्टीनं चांगलं शिकलं तर मले आनंदच हाय ना.”

“मग ती तुमच्याशी बोलत नाही त्याचं?”

त्यांनी वही मिटली. “त्याचं वाईट वाटते,” म्हणाले. “पण कोनाले सांगू? प्रज्ञाले सांगतलं तर ते तिकडं रडत बसन.”

चहा झाला. मी त्यांना खाणीबद्दल विचारलं. ते छताला लाकडाचे टेकू देणारे मिस्त्री होते. जमिनीखाली कोळसा काढला की वरचं छत मोकळं होतं, ते खाली बसू नये म्हणून लाकडी खांब ठोकायचे. सांगता सांगता त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली, आधी पक्क्या भिंतीवर ठोकली, मग लाकडी कपाटावर. “हा आवाज आयका. हा भरीव. आन् हा पोकळ. छत असं पोकळ वाजलं का तिथून निंघाचं. विचार करत बसाचं नाही.” अर्धी बोटं तशाच एका दिवशी गेली होती.

मी म्हटलं, “हे तुम्ही शनिवारी वर्गात सांगाल का?”

“मी? त्या शुद्ध पोट्ट्यांइले?”

त्यांना तयार करायला तासभर लागला. नीलिमा मॅडमना तयार करायला चार दिवस. शेवटी त्या म्हणाल्या, “एकदाच. आणि पालकांना मी काही सांगणार नाही, तुम्ही सांगा.”

त्या शनिवारी शेजारच्या त्या कॉलेजातल्या मुलीने मेश्रामबुवांना मोबाईलसमोर बसवलं. पांढरा सदरा, केसांना तेल. आबा पडद्यावर दिसताच मैत्रीने तिचा कॅमेरा बंद केला. तिची चौकट काळी झाली. त्यांना ते दिसलं. क्षणभर चेहरा पडला, पण मग ते बोलायला लागले.

“आमी पोट्टे होतो तवा…”

जर्मनीतल्या मुलाने लगेच थांबवलं. “पोट्टे म्हणजे काय?”

मेश्रामबुवा गोंधळले. मॅडम सांगणार तेवढ्यात काळ्या चौकटीतून आवाज आला, “मुलं. पोट्टे म्हणजे मुलं. पोट्टी म्हणजे मुलगी. मी पोट्टी आहे.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी ‘राहू द्या’ अशी मान हलवली. त्यांनी आबांना पुढे बोलायची खूण केली.

मग काठी निघाली. भरीव आवाज, पोकळ आवाज. दोन मिनिटांत आठही मुलं आपापल्या घरात भिंती, दारं, कपाटं ठोकत सुटली. “हे पोकळ! हे भरीव!” असा नुसता गोंधळ. लंडनची एक मुलगी फ्रीज ठोकून आली. कोणी प्रश्न विचारला की आबा त्यांच्या पद्धतीने उत्तर द्यायचे, आणि मुलांना कळलं नाही की मैत्री मध्ये पडून सांगायची. तिला सगळंच येत होतं असं नाही. काही ठिकाणी तिने चुकीचंच सांगितलं. कॅमेरा कधी चालू झाला ते माझ्या लक्षात आलं नाही. तास संपायला आला तेव्हा तिच्या हातात लाकडी चमचा होता आणि ती टेबलाच्या खालून कुठेतरी ठोकत होती.

चाळीसेक वर्षांच्या धंद्यात दोन-चार गोष्टींचा मला अभिमान आहे. त्यात हा तास आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. संध्याकाळी पालकांचे निरोप यायला लागले. दोघांनी छान झालं म्हणून लिहिलं. जर्मनीतल्या मुलाच्या वडिलांनी मोठा निरोप पाठवला: आमचा मुलगा घरात सगळ्यांना पोट्टे म्हणत फिरतो आहे, आपण शुद्ध मराठी आणि संस्कारांची जाहिरात केली होती, खाणकाम शिकवण्याची नाही. त्यांनी मुलाला काढून घेतलं. आणखी एक आई गेली. ती बिचारी सभ्यपणे गेली. कारण विचारलं तर वेळ जमत नाही म्हणाली. वर्गाची मुलं अशीच एकमेकांच्या ओळखीने येतात आणि ओळखीनेच जातात. मॅडम आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

मी हट्टाने जाहिरात बदलली. तुळस काढली, पणती काढली, नुसता कोरा पिवळा रंग ठेवला. लिहिलं: ‘आठवड्यातून पाऊण तासात मूल मराठी बोलू लागत नाही. रोज दहा मिनिटं तुम्ही घरी बोला, बाकीचं आम्ही बघतो. कोणत्याही घरची मराठी चालेल.’ मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा खरी जाहिरात लिहिली.

ती कोणी वाचली नाही. अर्ज जवळजवळ थांबले. जे आले त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, मग तुम्ही करता काय? बरोबरच होतं त्यांचं. दिवसभर राबून आलेल्या आईला, तुलाच आणखी काम आहे, असं सांगितल्यावर ती थांबेल कशाला?

तीन आठवड्यांनी नीलिमा मॅडम माझ्या टेबलाजवळ आल्या. हातात चहाचे दोन कप होते. म्हणाल्या, “बोरकर, दोन शिक्षिका आहेत माझ्याकडे. त्यांना तास द्यावे लागतात. जुनी जाहिरात लावा.”

मी लावली. हे मी लपवत नाही. तोच आजीचा प्रश्न पुन्हा लावला आणि दुसऱ्या दिवशी अर्ज सुरू झाले. फक्त ‘शुद्ध’ हा शब्द मी परत घातला नाही, ‘सहा महिन्यांत’ही घातलं नाही. मॅडमना दोन्ही दिसलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. चित्रात पणतीच्या जागी फळा आणि खडू आला. श्लोकांच्या तासाला मॅडमनी ‘आपल्या घरी काय म्हणतात’ असं नाव दिलं; ज्याच्या घरी जे म्हणतात ते त्याने म्हणायचं. मैत्रीने तिथे बुद्धवंदनेच्या चार ओळी म्हटल्या. ‘मले’ कोणी म्हटलं की मॅडम आता एवढंच म्हणायच्या, “घरी मले, पुस्तकात मला.” त्या वयात एवढं बदलणं सोपं नसतं, ते मी पाहिलं आहे.

पुढच्या दिवाळीनंतर मी काम सोडलं. डोळे थकले होते. आणि खरं सांगायचं तर, कुणाला नेमकं काय दुखतं हे शोधत बसण्याचा कंटाळा आला होता. माझ्या जागी पुण्याची एक एजन्सी आली. त्यांनी आजीचा प्रश्न तसाच ठेवला आहे. मधूनमधून माझ्या मोबाईलवरही तो येतो. मी बोट पुढे सरकवतो.

डिसेंबरात प्रज्ञा मुलीला घेऊन कन्हानला आली. मैत्रीचं मराठी कितपत झालं म्हणाल, तर सांगण्यासारखं नव्हतं. सहा महिने सोडा, वर्ष होऊन गेलं होतं. प्रज्ञा फोनवर म्हणाली, पहिले दोन दिवस पुन्हा नुसते हसलेच. मला वाटलं, झालं.

चौथ्या दिवशी सकाळी मेश्रामबुवांचा फोन आला. आवाज इतका मोठा की मला वाटलं काही वाईट झालं.

“बोरकर साहेब! पोट्टी भांडली ना माह्याशी!”

“काय झालं?”

“खदान पाह्याची म्हंते. म्या म्हटलं बंद हाय, आत जाऊ देत नाहीत. तं म्हंते, तुमी खोटं बोलून राह्यले. मले! म्हंते, फोनवर सांगतलं होतं दाखवतो म्हून, आता काऊन नाही म्हंता? अर्धा घंटा भांडली बाप्पा. पायरीवर जाऊन बसली फुगून. चहा नाही घेतला.” ते श्वास घ्यायला थांबले. इतका आनंदी माणूस मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

“मग आता?”

“मंग काय, चाल्लो घेऊन. तारेच्या बाहेरून दाखवतो दुरून. थांबा, ते चपला घालून राह्यली…”

फोन बंद करायचं ते विसरले. बहुतेक खिशातच टाकला. कापडाचा आवाज आला, मग मैत्रीचा, लांबून: “आबा, चला ना वं!”

“वं नाही म्हनाचं मले. वं बाईले म्हंतेत. मी माणूस हाय, मले गा म्हन.”

“आबा, चला ना गा!”

“चाल.”

फाटकाची कडी वाजली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्यात काही वाक्यं बुडाली. मग पुन्हा दोघांचे आवाज आले. ती काहीतरी विचारत होती, तिचे अर्धे शब्द इंग्रजी होते, आणि ते थांबून थांबून उत्तर देत होते. मी ऐकायला नको होतं. तरी फोन कानाशी धरून, तो आपोआप तुटेपर्यंत मी तसाच बसून राहिलो.